सोलर, वारा की कोयना: एलसीएमध्ये पहिला नंबर द्यायचा की नाही?

ऋतुजा_साताराकर
फायनल इयरचा निबंध आहे, सोलर, विंड आणि हायड्रो यांची लाइफ सायकल असेसमेंटने (एलसीए) तुलना करायची, म्हणजे बनवण्यापासून मोडीत काढेपर्यंतचं सगळं उत्सर्जन धरून. आयपीसीसीच्या २०१४ च्या रिपोर्टात मधले आकडे मिळाले, एका युनिटमागे मोठ्या सोलर प्रकल्पाचे ४८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, जमिनीवरच्या विंडचे ११ आणि हायड्रोचे २४. म्हणजे विंड पहिला, हायड्रो दुसरा, सोलर तिसरा असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का? उदाहरण म्हणून आमच्याच जिल्ह्यातली कोयना आणि वनकुसवडेच्या पवनचक्क्या घेतेय.

निनाद_के
चालेल ना, न चालायला काय झालं? कोळसा ८२० आहे त्याच तक्त्यात, त्यापुढे हे तिन्ही किरकोळच. फक्त माझ्या मते हायड्रोला पहिला नंबर दे, कारण धरण एकदा बांधलं की शंभर वर्षं चालतं आणि पाणी काय धूर सोडत नाही. सोलर पॅनल २५ वर्षांत भंगारात जातं.

माधवी_एन
निनाद, धरणाच्या आयुष्याचं बरोबर आहे, पण पाणी काही सोडत नाही हे मात्र चूक. दरी बुडते तेव्हा खालची झाडं, पाला, माती पाण्याखाली कुजते आणि तळाशी ऑक्सिजन नसला की त्यातून मिथेन निघतो. ऋतुजा, त्याच तक्त्यात मधल्या आकड्याच्या शेजारी रेंज दिलीय ती बघ, हायड्रोची १ पासून थेट २२०० पर्यंत आहे. एवढ्या पसरलेल्या गोष्टीचा एक मधला आकडा उचलून नंबर लावायचा म्हणजे कोकण आणि माणदेशाच्या पावसाची सरासरी काढून शेतकऱ्याला पेरणी सांगण्यासारखं आहे.

कोयनेचंच बघ. तिच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पूर्ण भरलं की सुमारे ११५ चौरस किलोमीटर पसरतं आणि क्षमता १९६० मेगावॅट, म्हणजे एका चौरस मीटरमागे साधारण १७ वॅट. ब्राझीलमधलं बाल्बिना घे, २५० मेगावॅटसाठी २३०० चौरस किलोमीटरच्या वर जंगल बुडालं, म्हणजे चौरस मीटरमागे ०.१ वॅट. दोन्ही हायड्रोच, पण एक युनिट विजेमागे किती बुडालेली जमीन वाट्याला येते यात आभाळ-जमिनीचा फरक. कार्बन क्रेडिट देणाऱ्या सीडीएम योजनेच्या जुन्या नियमात १० वॅटच्या वरच्या प्रकल्पाचं जलाशयाचं उत्सर्जन शून्य धरायचे, ४ ते १० मध्ये युनिटला ९० ग्रॅम धरायचे, ते याच कारणाने.

कोयनेला हे जमतं कारण पाणी पश्चिमेला घाटाखाली पोफळीकडे पडतं. ४८० मीटरची उंची धरलीस तर एक हजार लिटर पाण्यातून सव्वा युनिटच्या आसपास वीज निघते. तेच पाणी ६० मीटरवरून सोडलं तर त्याच्या आठव्या हिश्श्याएवढी. जलाशय तोच, भागाकारातला खालचा आकडा बदलला. निबंधात हे एक उदाहरण नीट उलगडलंस तर दहा तक्त्यांपेक्षा जास्त वजन पडेल.

घरावरचं_ऊन
मी मागच्या वर्षी गच्चीवर ३ किलोवॅट बसवलंय, सबसिडी धरून पाच वर्षांत पैसे वसूल होतील असं वाटतंय. सोलरच भारी, कशाला वाद घालताय?

माधवी_एन
दादा तुमचा हिशोब पैशांचा आहे, तिला पॅनल बनवताना जे जळलं त्याचा हवाय. पण तुमची गच्ची कामाची आहे, ऋतुजा ती घे. समजा एक किलोवॅटची सिस्टीम बनवून बसवेपर्यंत १२०० किलो कार्बन डायऑक्साइड गेला (हा आकडा मी उदाहरणापुरता धरलाय, तू तुझ्या डेटाबेसमधला घाल). आपल्याकडे ती वर्षाला १५०० युनिट देते, २५ वर्षांत पॅनल हळूहळू मंदावतं ते वजा करून ३५,००० युनिट, म्हणजे युनिटला ३४ ग्रॅम. तेच पॅनल जर्मनीत लावलं तर वर्षाला हजार युनिट, आकडा पन्नाशीच्या वर. आयुष्य ३० वर्षं धरलं तर इथलाच आकडा २९ वर येतो. पॅनलला कुणी हातही लावला नाही आणि तीन उत्तरं आली. म्हणून दोन वेगळ्या पेपरमधले आकडे शेजारी ठेवायच्या आधी दोघांनी ऊन, आयुष्य आणि पॅनल कुठल्या विजेवर बनलं हे काय धरलंय ते वाचायलाच लागतं. सिलिकॉन शुद्ध करायला खूप वीज लागते, ती कोळशाची असेल तर सगळा बोजा तिथेच चढतो.

पठारावरचा_टेक्निशियन
मी पवनचक्क्यांवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो, ताईंचं आयुष्याचं म्हणणं विंडला जास्त लागू पडतं. टॉवरचं लोखंड आणि खालचं काँक्रीट हाच सगळा खर्च, एकदा उभं राहिलं की पुढे जवळपास काही नाही. पण वनकुसवडेच्या जुन्या मशिनी साडेतीनशे किलोवॅटच्या, आणि वारा मुख्यतः पावसाळ्यात. मी पाहिलेल्या एका मशिनचा गिअरबॉक्स गेला, पार्ट यायला महिने लागले आणि तेव्हा नेमका आषाढ चालू होता, वर्षाची निम्मी वीज तिथेच गेली. कागदावर २० वर्षं धरतात, मशीन १५ ला उतरवली तर युनिटमागचा आकडा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. आणि पाया तसाच ठेवून नवीन मोठी मशीन चढवता येत नाही, नवा पायाच ओतायला लागतो.

निनाद_के
मान्य, पण मग सगळंच अवलंबून आहे असं लिहून काय उपयोग? निबंधाला उत्तर लागतं, आणि सरकारलाही कुठला प्रकल्प करायचा ते ठरवायला लागतं. रँक लावू नका म्हणजे प्रश्न टाळणं झालं.

माधवी_एन
टाळत नाहीये. वनकुसवडे, कोयना आणि जिल्ह्यातलं सोलर, तिघांना एकच युनिट, हिशोबाची एकच हद्द आणि एकच वर्षं लाव, मग जो नंबर येईल तो छातीठोकपणे लिही. एक अडचण राहीलच, कोयना संध्याकाळी मागणी वाढली की मिनिटांत सुरू होते, सोलर तेव्हा झोपलेलं असतं. एक युनिट म्हटलं की दोघं सारखेच दिसतात. सोलरबरोबर बॅटरी धरायची का, हा निर्णय तुझा, पण तो उघड लिही. मी स्वतः धरली असती.

निनाद_के
बॅटरी धरली तर सोलरला शिक्षाच झाली, ग्रिडवर दुसरी वीज आहे ना सांभाळायला. मी नाही धरणार.

धरणग्रस्त_नातू
एक विचारतो. माझ्या आजोबांचं गाव धरणाखाली गेलं, देवळाचा कळस उन्हाळ्यात दिसायचा असं आजी सांगायची. तुमच्या या ग्रॅमच्या हिशोबात ते कुठल्या ओळीत येतं?

माधवी_एन
त्या ओळीत येत नाही. सामाजिक एलसीए म्हणून वेगळी पद्धत आहे, तिथे विस्थापन मोजायचा प्रयत्न करतात, पण ग्रॅममध्ये ते मिसळायचं कसं यावर एकमत नाही आणि माझ्या मते मिसळूही नये. वेगळी ओळ लिहावी.

ऋतुजा_साताराकर
मग मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो यासाठी मी शंभर वर्षांचा गुणांक घेऊ की वीस वर्षांचा? शंभरला २८ आहे, वीसला ८४, कोयनेचा आकडा त्यानुसार पार बदलतोय.

माधवी_एन
दोन्हीने काढ, दोन्ही छाप. आणि धरणाच्या बांधकामाचा बोजा पाणीवापरात कसा वाटलास तेही त्याच पानावर लिही, ६७.५ टीएमसीच पश्चिमेला जातं, उरलेलं नदीत सोडलेलं पाणी शेतीलाही लागतं.