मदत हवी आहे : दादाच्या मागे राहिलेलं गूगल खातं, फोटो आणि हार्डवेअर वॉलेट

शलाका
माझा मोठा भाऊ अचानक गेला. मागे वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. फोन अँड्रॉइड आहे आणि त्याचा पॅटर्न कुणालाच माहीत नाही. लॅपटॉप वहिनीला उघडता येतो आणि त्यात दादाचं जीमेल लॉगइन आहे. मुलांच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्याच्या गूगल फोटोजमध्येच आहेत.

शिवाय कपाटात क्रिप्टोच्या चाव्या ठेवायचं छोटं यंत्र, म्हणजे हार्डवेअर वॉलेट सापडलं आणि त्याच पाकिटात हाताने लिहिलेले २४ इंग्रजी शब्द. वॉलेटचा पिन माहीत नाही. एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या ईमेलही येत असतात.

धाकटा भाऊ म्हणतो, लॅपटॉप उघडाच आहे, आधी सगळं काढून घेऊ, कागदपत्रं नंतर बघू. वहिनीला भीती वाटते की पुढे कुणी आक्षेप घेतला तर ती अडकेल. हे रीतसर मिळवायचा मार्ग कोणता? आणि आत्ता काय करायचं नाही? सिम आणि बँक खातं बंद करायचे अर्ज भरून तयार आहेत.

घननीळ
वाईट वाटलं वाचून. फोन सर्व्हिस सेंटरला न्या, मृत्यूचा दाखला दाखवला की उघडून देतात. आणि २४ शब्द हातात आहेत ना, मग क्रिप्टो तुमचंच झालं. त्यात कायद्याचा प्रश्नच येत नाही.

अबोली
आमच्याकडे बाबांचा आयफोन होता. त्यांनी हयातीतच मला लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे मृत्यूनंतर खातं बघायला नेमलेली व्यक्ती केलं होतं, म्हणून फार त्रास झाला नाही. नेमताना मिळालेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला ॲपलला दिला, फोटो आणि नोट्स मिळाल्या. पासवर्ड मात्र त्यात येत नाहीत, आणि ही मुभा तीन वर्षांचीच असते. फोनचा पासकोड काढून मिळेल का असं विचारलं होतं, तर म्हणाले काढता येतो पण आतलं सगळं पुसलं जाईल. तुम्हीही तुमच्या भावाची ॲक्सेस की शोधा, कुठेतरी प्रिंट काढून ठेवलेली असेल.

कळसूत्री
अबोली, शलाकाच्या दादाचा फोन अँड्रॉइड आहे, तिथे ॲक्सेस की नसते. पण पासकोडचं तुम्ही लिहिलंत ते तिलाही लागू आहे. घननीळ, सर्व्हिस सेंटर फोन वापरण्याजोगा करून देईल, पण रीसेट करून. त्यामुळे शलाका, फोन कुणाच्याही हातात देऊ नका. आधी लॅपटॉपवर गूगल फोटोजमधला सगळ्यात अलीकडचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. त्यानंतरचं जे काही असेल ते फक्त त्या फोनमध्ये आहे.

भरून ठेवलेले दोन्ही अर्ज तूर्त थांबवा. सिम बंद केलं की एक्स्चेंजचे आणि गूगलचे ओटीपी बंद, आणि काही काळाने तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो का ते मोबाइल कंपनीला विचारा.

बँक खात्याचं थोडं आडवळणाचं आहे. दादा गूगलची जास्तीची जागा पैसे भरून वापरत असेल तर ती रक्कम त्याच्या कार्डावरून जाते. खातं गोठलं की ते पैसे भरले जात नाहीत आणि मोफत १५ जीबीची मर्यादा लागू होते. त्यापेक्षा जास्त भरलेलं असेल तर जीमेलला नवीन मेल येणंच थांबतं, म्हणजे एक्स्चेंजचं पत्र आलं तरी तुम्हाला कळणार नाही. मर्यादेबाहेर दोन वर्षं राहिलं तर गूगल मजकूर पुसू शकतं. तेव्हा आधी तेवढं तपासा, मग बँकेकडे जा. बँकेला कळवावं तर लागणारच आहे.

शलाका
हो, जास्तीची जागा घेतलेली दिसते. शेवटचा फोटो तो गेला त्याच आठवड्यातला आहे, म्हणजे बहुतेक सगळं वर गेलंय. फोन आम्ही चार्जिंगला लावून वायफायवर चालू ठेवलाय. बरोबर केलं ना?

कळसूत्री
बॅकअपसाठी बरोबर. पण एक बघा. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल तर आपण नेमलेल्या माणसांना ठरवलेली माहिती उतरवून घेता येते. दादाने वहिनीला तिथे नेमलं असलं तरी तिला ते आज माहीत नसणार, कारण नेमताना त्या माणसाला काही कळवलं जात नाही. मुदत भरली की मगच मेल जातो.

आता मेख अशी, की मुदत मोजताना गूगल जीमेलचा वापर आणि अँड्रॉइड फोनची आपोआप होणारी नोंद, दोन्ही धरतं. चालू ठेवलेला फोन आणि रोज उघडलं जाणारं मेल यांमुळे दादा अजून खातं वापरतोय असंच त्याला दिसत राहील. उलट फोन बंद करून सगळंच सोडून दिलं, तर दोन वर्षं वापर नसलेलं खातं पुसलं जाऊ शकतं. दादाने ती सोय लावली होती का हे आधी लॅपटॉपवर `myaccount.google.com/inactive` इथे पाहा. पासवर्ड मागितला तर अंदाजाने टाकू नका.

मधुमालती
मी वारसाहक्काची कामं करते, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहिते. देशागणिक नियम वेगळे आहेत, शेवटचा सल्ला तिथल्या वकिलाचाच घ्या.

घननीळ यांच्या म्हणण्यातला निम्मा भाग खरा आहे. २४ शब्द ज्याच्याकडे आहेत तो नाणी हलवू शकतो. पण ती नाणी दादाच्या मालमत्तेचा भाग आहेत आणि त्यावर सगळ्या वारसांचा हक्क आहे, त्यात दोन अल्पवयीन मुलंही आली. उद्या वाद झाला तर नाणी कुणी, कधी, कुठे हलवली हे ब्लॉकचेनवर कुणालाही दिसतं.

खात्यांचं वेगळं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका मृत मुलीच्या आईवडिलांच्या प्रकरणात २०१८ मध्ये फेसबुकविरुद्ध निकाल दिला की खात्याचा करार वारसांकडे जातो. कंपनीने त्या आईवडिलांना १४ हजारांहून जास्त पानांची पीडीएफ दिली, तर तेवढ्याने भागत नाही, खात्यात शिरता आलं पाहिजे, असं २०२० मध्ये पुन्हा बजावावं लागलं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत क्रम असा, की खातेदाराने कंपनीच्या सोयीत नेमलेला माणूस आधी, मग मृत्युपत्र, मग कंपनीच्या अटी. म्हणून कळसूत्री सांगतात ते पान पाहणं कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

तिथे काही नसेल तर गूगलकडे मृत खातेदाराच्या खात्याबद्दलचा अर्ज असतो. अर्जदाराचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो, दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर. पासवर्ड ते कधीच देत नाहीत. मजकूर द्यायचा की नाही हे प्रत्येक प्रकरण पाहून ठरवतात आणि न्यायालयाचा आदेश मागू शकतात.

उघड्या लॅपटॉपवरून `takeout.google.com` वापरून सगळं उतरवणं शक्य आहे, पण तिथे तुम्ही दादा म्हणून वावरता. मुलांच्या फोटोंसाठी कुणी कोर्टात खेचेल असं मला वाटत नाही. मेलबॉक्सबद्दल मी तसं म्हणणार नाही, त्यात इतर लोकांची खाजगी पत्रं असतात.

घननीळ
मान्य, वारसांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण घरच्यांनी घरचेच फोटो घेण्यात इतका विचार करायचा म्हणजे मला अजूनही पटत नाही.

कळसूत्री
फोटोंसाठी त्याआधी आणखी एक रस्ता आहे. वहिनीने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या गूगल फोटोजमध्ये शेअरिंग उघडून पाहावं. बरेच नवराबायको पार्टनर शेअरिंग, म्हणजे एकाचे फोटो दुसऱ्याला आपोआप दिसण्याची सोय लावतात आणि विसरून जातात. तिथे दादाचे फोटो दिसत असतील तर ते तिला स्वतःच्या खात्यात जतन करता येतील. नुसते दिसतात म्हणून थांबू नका. दादाचं खातं बंद झालं की जतन न केलेले जातील.

शलाका
पार्टनर शेअरिंग होतं! दादाने फक्त मुलांचे चेहरे असलेले फोटो वहिनीला दिसतील असं लावलं होतं. ते आता जतन होतायत. त्याचे एकट्याचे, मित्रांबरोबरचे फोटो त्यात नाहीत, त्यांच्यासाठी गूगलकडे अर्ज करणार. इनॅक्टिव्हच्या पानावर पासवर्ड मागितला, म्हणून मागे फिरलो.

नवीन काळजी अशी, की धाकट्या भावाने त्या २४ शब्दांच्या कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय. आणि हा धागा वाचून एकाने व्यनि केलाय, शब्द पाठवा, मी वॉलेट उघडून देतो म्हणून.

कळसूत्री
त्या माणसाला उत्तर देऊ नका, संपादकांना कळवा. ग्रुपवरचा फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा, पण तो कुणाच्या तरी क्लाउडमध्ये गेलाच असेल असं धरून चला. जुन्या डिव्हाइसवर पिनचे अंदाज नकोत. लेजर कंपनीचं वॉलेट तीन चुकांनंतर स्वतःला पुसतं, ट्रेझरचंही ठरावीक चुकांनंतर. कागदावरचे शब्द बरोबर आहेत हे सिद्ध होईपर्यंत ते डिव्हाइस हीच तुमची दुसरी प्रत आहे.

त्याच कंपनीचं नवीन डिव्हाइस अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि शब्द त्याच्यावरच भरा, कॉम्प्युटरवर किंवा कुठल्या वेबसाइटवर नाही. अक्षर लागत नसेल तर पहिली चार अक्षरं पुरतात, हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्या २०४८ शब्दांत ती कुठल्याच दोघांची सारखी नाहीत. मग दिसणारे पत्ते दादाच्या लॅपटॉपवरच्या वॉलेट ॲपमधल्या पत्त्यांशी ताडून पाहा.

मधुमालती
एरवी मी म्हटलं असतं, वारसाचा कागद हाती येईपर्यंत काहीच हलवू नका. इथे शब्द फुटलेत, त्यामुळे नाणी जागच्या जागी ठेवणं हाच धोका आहे. सज्ञान वारसांची लेखी संमती घ्या, हलवण्याआधीचे पत्ते, शिल्लक आणि मृत्यूच्या दिवसाचा भाव लिहून ठेवा. नवीन शब्दांचं वेगळं वॉलेट करून त्यातच टाका, व्यवहाराचा आयडी नोंदवा, विकू नका. मुलांच्या वतीने आईची सही पुरेल की न्यायालयाची परवानगी लागेल, हे तुमच्या वकिलाला विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

एक्स्चेंजला मात्र सरळ मृत्यू कळवा. ते खातं गोठवतील, वारसाचे कागद मागतील आणि पडताळणीनंतर वारसाच्या स्वतःच्या खात्यात वळवतील. वेळ लागतो, पण दादाच्या नावाने लॉगइन करून काही विकलंत तर नंतर समजावून सांगणं अवघड जाईल.

शलाका
वकिलांनी संमतीपत्राचा मसुदा केला, सगळ्यांनी सह्या केल्या. वकिलांसमोरच नवीन डिव्हाइसवर शब्द भरले. शब्द स्वीकारले गेले, पण थोडंसंच बिटकॉइन दिसतंय. लॅपटॉपच्या ॲपमध्ये आणखी एक खातं आहे, त्याचा पत्ता नवीन डिव्हाइसवर कुठेच येत नाही. ब्लॉकचेनवर त्या पत्त्यावर रक्कम अजून जशीच्या तशी आहे.

कळसूत्री
म्हणजे शब्द बरोबर आहेत. दोन शक्यता. एकतर ॲपमध्ये ते दुसरं खातं फक्त जोडायचं राहिलंय, ते आधी करून पाहा, एकाच शब्दांतून अनेक खाती निघतात. नाहीतर दादाने २४ शब्दांवर स्वतःचा आणखी एक गुप्त शब्द, म्हणजे पासफ्रेज लावलाय. त्याची खूण अशी, की चुकीचा पासफ्रेज टाकला तरी चूक दाखवत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. लहानमोठं अक्षर, एखादी मोकळी जागा, सगळ्याने फरक पडतो. तसं असेल तर ग्रुपवरच्या फोटोने ती रक्कम कुणाला सहज काढता येणार नाही, पण पासफ्रेज मिळेपर्यंत तुम्हालाही नाही. दिसतंय तेवढं बिटकॉइन मात्र आजच हलवा.

शलाका
दुसरं खातं जोडून पाहिलं, तरी तो पत्ता येत नाही. दिसत होतं ते नवीन वॉलेटमध्ये गेलं, आयडी वकिलांकडे दिला. आता वहिनी दादाच्या वह्या आणि पासवर्ड मॅनेजरची कागदपत्रं बघतेय. पासफ्रेज लोक साधारण कुठे लिहून ठेवतात, कुणाला अनुभव असेल तर सांगा.