इनसाइड बारनंतर एन्ट्री कुठे: आतल्या बारच्या वर की मदर बारच्या वर?

नंदलालपुरा_७
डेली चार्ट बघतो, फक्त कॅश सेगमेंट. एका शेअरचा परवाचा बार, म्हणजे मदर बार, ५१२ ते ४९४. कालचा पूर्ण त्याच्या आत, ५०७ ते ५०१, बंद ५०५. कालची रेंज गेल्या सात दिवसांतली सर्वांत लहान, म्हणजे एनआर७. चौदा दिवसांचा एटीआर ११, ट्रेंड वरचा. तेजीचा सौदा ५०७ तुटल्यावर घ्यावा की ५१२ तुटल्यावर? स्टॉप कुठे ठेवावा? एका सौद्यात ३,००० च्या वर घालवायचे नाहीत.

रामबागकर
माल त्याच दिवशी काढणार की घरी नेणार, यावर उत्तर अवलंबून आहे.

इंट्राडे धरू. एटीआर ११ म्हणजे शेअर दिवसाला साधारण ११ रुपये हलतो. लहान दिवसानंतर रेंज उघडली आणि दीडपट दिवस मिळाला असं उदारपणे मानलं, तर साडेसोळा रुपये. दिवसाचा लो ५०३ ला लागला तर हाय ५१९.५० च्या आसपास. आता ५१२.५० ला घेतलं आणि स्टॉप आतल्या बारखाली, ५००.५० ला ठेवला, तर जोखीम १२ आणि त्या चांगल्या दिवशीसुद्धा वर उरलेले ७. तोच सौदा ५०७.५० ला घेतला तर जोखीम ७ आणि वर १२. आकडे अगदी उलटे होतात. बंद ५०५ पासून ५१२.५० पर्यंत येण्यातच शेअरची दिवसभराची बरीचशी चाल खर्च झालेली असते, म्हणून मदर बार तुटल्यावर घेऊन साडेतीनच्या आत विकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

डिलिव्हरीत दोन-चार दिवस धरायचा असेल तर मात्र ५१२.५० योग्य. लक्ष्य ५१९ च्या पुढे असतं आणि तिथे उद्याचा, परवाचा दिवसही तुमच्या कामी येतो. स्टॉप ५००.५०, क्वांटिटी २५०. मदर बारच्या खाली ४९३.५० ला स्टॉप ठेवला तर जोखीम १९, क्वांटिटी १५७. मला तो जास्तीचा खर्च पटत नाही. ५१२ तोडून भाव परत आतल्या बारच्याही खाली गेला, तर हा सेटअप तिथेच संपला. पुढचे सात रुपये कशाची वाट पाहायला द्यायचे?

पलासिया_क्लोजिंग
स्टॉपबद्दल सहमत. ५०७.५० ची एन्ट्री मात्र मला ब्रेकआउट वाटतच नाही. भाव अजून मदर बारच्या पोटातच आहे. ज्यांनी परवा ५१० च्या आसपास घेतलं आणि काल तोट्यात बसले, ते ५१० ते ५१२ मध्येच बरोबरीवर विकून सुटायला बघतात. म्हणजे ५०७.५० ला घेणारा अडीच रुपयांवर थेट त्यांच्या मालात जाऊन आदळतो. आतल्या बारचे ब्रेक जास्त फसतात ते यामुळेच.

आणि ५१२.५० ट्रिगर झाला म्हणून लगेच घेण्याचीही घाई नको. तीन-वीसला भाव ५१२ च्या वर टिकला असेल तरच घ्या. सकाळी अकराला तुटून दुपारी दोनला परत आत आलेले ब्रेक आपोआप गाळले जातात.

रामबागकर
गाळले जातात, पण फुकट नाही. तीन-वीसला भाव ५१७ असला तर जोखीम १६.५०, क्वांटिटी १८१. लक्ष्य दोघांचं ५३१.५० धरू. ट्रिगरवर घेणारा १९ साठी १२ लावतो, म्हणून शंभरात ३९ सौदे बरोबर आले तरी तो बरोबरीत. तुम्ही साडेचौदासाठी साडेसोळा लावता, तुम्हाला ५३ लागतात. क्लोजची वाट पाहून बरोबर येण्याचं प्रमाण ३९ वरून ५३ वर जातं, हे तुमच्या शेअरच्या इतिहासावर दाखवता आलं तर तुमची पद्धत सरस. नुसते ब्रेक कमी फसतात एवढ्याने भागत नाही.

पलासिया_क्लोजिंग
हिशोब मान्य, पण ५१७ हा तुम्ही निवडलेला आकडा. भाव ५१३.५० ला बंद झाला तर जोखीम १३ आणि वर १८, मग शंभरात ४२ पुरतात. माझ्या बाजूने अट अशी: बंद भाव ट्रिगरपासून पाव एटीआरच्या आत असेल तरच घ्यायचं, इथे ५१५ च्या खाली. त्याहून वर बंद झाला तर सोडून द्यायचं.

रामबागकर
मग सर्वांत जोरात गेलेले ब्रेक तुम्ही सोडता आणि रेंगाळलेले घेता. मला उलट वाटतं: ट्रिगरवर घ्या, आणि तीन-वीसला भाव ५१२ च्या खाली असेल तर तिथेच काढा. ५०८ ला निघालात तर तोटा साडेचार, बारा नाही. त्याच दिवशी विकल्यामुळे एसटीटीही इंट्राडेचा, फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के. डिलिव्हरीत दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे या भावाला जाऊन-येऊन शेअरमागे एक रुपयाच्या वर.

तेजीमंदी_राजेंद्रनगर
एवढं खोलात कशाला? एनआर७ म्हणजे भाव दाबला गेलाय. जितकी रेंज लहान तितका धमाका मोठा. ६ रुपयांची रेंज म्हणजे उद्या पंधरा-वीस रुपये नक्की. ५०७ तुटला की घ्या, टार्गेट मदर बारच्या रेंजइतकं.

रामबागकर
अर्धं बरोबर आहे तुमचं. लहान दिवसानंतर मोठा दिवस येण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण रेंज मोठी होणं वेगळं आणि एका बाजूला जाणं वेगळं. ५०८ ला जाऊन तिथून ४९६ ला आला तरी बारा रुपयांचा दिवस झालाच की, पण त्यात तुमचा ५०७.५० चा सौदा स्टॉपवर गेला.

शिवाय इनसाइड दिवस एनआर७ असतोच असं नाही. मदर बार ४० रुपयांचा असला तर त्याच्या आत १५ चा दिवस सहज बसतो, आणि १५ हा त्या शेअरचा लहान दिवस नसतो. निकालाच्या दिवसानंतर हे फार दिसतं. तिथे मदर बार दोन एटीआरहून मोठा असला तर मी ५१२ सारख्या पातळीकडे बघतच नाही, कारण ती तुटेपर्यंत पुढची जागा उरत नाही.

मनोरमागंज_शीट
शोधतानाच चुकीचे बार पकडले जातात, ते आधी गाळा. मुहूर्ताच्या ट्रेडिंगचा एक तासाचा बार डेली डेटात पूर्ण दिवस म्हणून बसतो. २०२४ मध्ये तो १ नोव्हेंबरला होता, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्या दिवशी शेकडो शेअर एकदम एनआर७ आणि इनसाइड दिसतात. २ मार्च २०२४ च्या शनिवारच्या खास सत्राचंही तेच. दुसरा प्रकार सर्किटला बंद शेअर: हाय, लो एकच, रेंज शून्य, म्हणून यादीत सर्वांत वर. तिथे लहान रेंजचा अर्थ एवढाच की समोर विकणारा किंवा घेणारा नव्हता.

शीटमध्ये बी हाय, सी लो, डी रेंज ठेवली आणि नवव्या ओळीचा दिवस तपासायचा असेल तर:

```
=AND(B9<=B8, C9>=C8, D9>0, D9=MIN(D3:D9))
```

आणि वर दोघांनी टक्केवारी मांडली आहे म्हणून सांगतो, डेली डेटावर ती काढता येत नाही. ज्या दिवशी भाव ५१२.५० लाही लागला आणि ५००.५० लाही, त्या दिवशी आधी काय लागलं हे डेली बार सांगत नाही. पाच मिनिटांचा डेटा नसेल तर असे सगळे दिवस तोट्यात धरा, नाहीतर निकाल खोटा गोड दिसतो.

छावणीवाला
सोयाबीनवर हे चालेल का? छावणी मंडीचा रोजचा किमान-कमाल भाव मी लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात दोन दिवस सलग आदल्या दिवसाच्या आत होते. कमालच्या वर गेला की माल थांबवून ठेवायचा, असं करता येईल?

मनोरमागंज_शीट
नाही चालणार, काका. मंडीतला किमान आणि कमाल हा वेगवेगळ्या मालाचा भाव असतो. ओला, डागी ढीग खाली जातो, कोरडा स्वच्छ ढीग वर. त्या दिवशी ओला माल आलाच नाही तर किमान वर सरकतो आणि तुमच्या वहीत इनसाइड दिवस दिसतो, भाव मात्र जागेवरच असतो. शेअरमध्ये हाय-लो एकाच मालाचा असतो, म्हणून तिथे त्याला अर्थ आहे.

छावणीवाला
मग एकाच दर्जाचा मोडल भाव धरला तर?

मनोरमागंज_शीट
तो दिवसाला एकच आकडा. बारच होत नाही.

नंदलालपुरा_७
डिलिव्हरीत धरायचं ठरवलं आहे. ऑर्डर ट्रिगर ५१२.५०, लिमिट ५१३.५० अशी एसएल लावू ना? आणि खाली ४९४ तुटला तर विकून दोन दिवस धरता येईल का?

रामबागकर
खालच्या बाजूचं आधी: कॅशमध्ये हातात नसलेला माल विकून रात्रभर ठेवता येत नाही, त्याच दिवशी परत घ्यावाच लागतो. दोन दिवस मंदी धरायची तर त्या शेअरचे फ्युचर्स हवेत, आणि एका लॉटची जोखीम ३,००० मध्ये बसेल याची खात्री नाही. तुमच्यासाठी खालची बाजू सोडलेली बरी.

ऑर्डर ठीक आहे, पण गॅपचा सापळा ओळखा. सव्वानऊला भाव ५१६ ला उघडला तर ट्रिगर लागतो, पण लिमिट ५१३.५० असल्याने खरेदी होत नाही. ती ऑर्डर तशीच पडून राहते. वर गेला तर तुम्ही बाहेर. परत खाली येऊ लागला की ५१३.५० ला तुमच्या गळ्यात पडतो, म्हणजे नेमके फसणारे ब्रेक तेवढे मिळतात. ५१३.५० च्या वर उघडला की ऑर्डर रद्द करा आणि पहिली पंधरा मिनिटं संपल्यावर पुन्हा बघा.

नंदलालपुरा_७
आजही भाव आतच राहिला, ५०६ ते ५०२. आता मदर बार कोणता?

रामबागकर
मदर बार तोच, ५१२ ते ४९४. एन्ट्री बदलत नाही. स्टॉप मात्र ५०१.५० पर्यंत वर घेता येईल, जोखीम ११, क्वांटिटी २७२.

पलासिया_क्लोजिंग
मी स्टॉप ५००.५० लाच ठेवीन. चार रुपयांच्या बारखाली स्टॉप म्हणजे ११ रुपये हलणाऱ्या शेअरच्या अगदी रोजच्या हालचालीत. दोन दिवसांच्या लोखाली ठेवला तर एक रुपया जास्त जातो, तो देण्यासारखा आहे.

रामबागकर
५१२.५० वरून बघा, ५०१.५० हे पूर्ण एक एटीआर लांब आहे. बार चारचा आहे म्हणून स्टॉप जवळचा होत नाही, अंतर एन्ट्रीपासून मोजायचं.

पलासिया_क्लोजिंग
रात्रभर धरणाऱ्याचं अंतर दुसऱ्या दिवशीच्या भावापासून मोजावं लागतं. तिसऱ्या दिवशी भाव ५०४ ला उघडला तर तुमच्या स्टॉपला अडीच रुपये उरतात, माझ्याला साडेतीन.

रामबागकर
माझ्या नियमाने तो पहिल्याच दिवशी ५१२ च्या खाली बंद झाल्यावर विकलेला असेल. वर बंद होऊन एकदम ५०४ ला गॅपने उघडला, तर स्टॉप कुठलाही असो, मी सव्वानऊलाच निघतो.