डोळ्यात कण गेलाय, उघडझाप केली की टोचतं. मदत हवी आहे

सांगलीची_ताई
काल संध्याकाळी सहाच्या सुमारास धाकटा भाऊ तासगावहून गाडीवर येत होता. पुढे उसाची ट्रॉली आणि हेल्मेटची काच वर. उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. घरी येईस्तोवर त्यानं डोळा चोळचोळ चोळला, मग नळावर पाण्याचे हबके मारले. आता सकाळचे दहा वाजलेत. डोळा लाल आहे, पाणी थांबत नाही. म्हणतो, नुसतं बघत बसलं तर बरं वाटतं, पापणी मिटली की वरून खरवडल्यासारखं होतं. खालची पापणी ओढून बघितली, काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचता येतात. आज रविवार, जवळचा दवाखाना बंद. काय करू?

आक्का_कवठेमहांकाळ
बाळा, चोळू देऊ नको त्याला आधी. एरंडेलाचा एक थेंब घाल, कण वाहून येईल. आमच्या सासूबाई जिभेनं काढायच्या.

विटेकर७
डोळे आलेत हे. आमच्याकडेही साथ आहे. मेडिकलमधून ड्रॉप आणा, मला दोन दिवसांत उतार पडला. टॉवेल वेगळा ठेवा.

निवृत्त_नेत्रसहाय्यक
ताई, डोळे येणं वेगळं. त्यात चिकट घाण येते, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना होतं. इथं एकच डोळा, गाडीवर असताना अचानक सुरू झालेलं, आणि पापणी मिटली की वरून खरवडतं. कण बहुतेक वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला बसलाय. कडेच्या जरा वर तिथं बारीक खाच असते, कण नेमका तिथं अडकतो. म्हणून खालची पापणी ओढून दिसला नाही.

आता प्रत्येक उघडझापीला तो डोळ्याच्या काळ्या भागावरच्या काचेसारख्या पडद्यावरून घासतो. चोळताना बोटाच्या दाबानं तोच ओरखडा खोल जातो, आणि कण पापणीत आणखी रुततो.

पाणी उकळून पूर्ण गार करा, दोन फुलपात्री पुरे. हात साबणानं धुवा. लेन्स घालत असेल तर काढायला सांगा. उजवा डोळा खाली येईल अशी मान वाकडी करून त्याला बेसिनजवळ बसवा. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बारीक धार कानाकडे जाऊ द्या, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मधेमधे डोळा फिरवायला सांगा. हबक्यांनी पाणी पापणीवरच आपटतं, आत जात नाही, म्हणून काल उपयोग झाला नाही. नंतर वरची पापणी पापणीच्या केसांना धरून पुढे ओढा आणि खालच्या पापणीवर आणून सोडा. खालचे केस ब्रशसारखे आतून कण झाडतात. दोन-तीनदा करा.

आक्का, चोळू नको म्हणालात ते अगदी बरोबर. पण घरच्या एरंडेलात आणि जिभेवर जंतू असतात, ओरखडा पडलेल्या डोळ्यात ते नकोत.

कुपवाडचा_फिटर
माझा अनुभव वेगळा. ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात गेली होती. पाण्यानं धुतलं, चोळलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी बुबुळावर तांबूस ठिपका. लोखंडाचा कण चिकटून गंजला होता, डॉक्टरांनी सुईनं काढला.

निवृत्त_नेत्रसहाय्यक
बरोबर. काळ्या भागावर रुतलेलं काही घरी काढायचं नाही, कापसाच्या काडीनंसुद्धा नाही. आणि छिन्नी-हातोडा मारताना काही वेगानं उडून लागलं असेल तर धुवत, दाबत बसू नका. वर कप झाकून थेट दवाखाना.

दोन_मुलांची_आई_कराड
माझ्या लेकीच्या डोळ्यात पापणीचा केस जातो. पांढऱ्या भागावर तरंगताना दिसतो. तो काढला तर चालेल?

निवृत्त_नेत्रसहाय्यक
आधी पाणीच. पांढऱ्या भागावर सुटा दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकानं हलकेच टिपा. ती हलत असेल तर नको.

सांगलीची_ताई
दादा, केलं तसं. पापणी दुसऱ्यांदा सोडली आणि खालच्या पापणीच्या केसांवर तिळापेक्षा बारीक, पिवळसर कुसळासारखं काहीतरी आलं. खरवडणं बरंच कमी झालं, पण अजून टोचतंय. राहिलंय का काही आत?

निवृत्त_नेत्रसहाय्यक
दोन्ही शक्य आहे. कण गेला तरी ओरखडा कण असल्यासारखाच टोचतो, लहान असेल तर एक-दोन दिवसांत भरतो. पण उसाच्या पाचटाचं कुसळ असेल तर मी वाट बघणार नाही, आजच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. झाडपाल्याच्या ओरखड्यात बुरशी धरू शकते. आणि विटेकर, म्हणूनच मेडिकलमधून कुठलाही ड्रॉप नको. स्टिरॉइडचा असेल तर लाली उतरते आणि आत बुरशी पसरत जाते.

सांगलीची_ताई
मिरजेत दाखवून आलो. डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, काळ्या भागाच्या वरच्या बाजूला तीन उभे ओरखडे हिरवे चमकले. पापणी उलटवून बघितली, आत काही उरलेलं नाही. अँटिबायोटिक ड्रॉप दिलाय, पट्टी नाही. कुसळ उसाचंच का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. परवा पुन्हा बोलावलंय. तोवर दुखणं वाढलं, नजर धूसर झाली किंवा पांढरा ठिपका दिसला तर लगेच यायला सांगितलंय. झोपेत तो हात डोळ्याकडे नेतो, त्यावर काही उपाय आहे का?