पुतण्याकडून चर्चनं लिहून घेतलं म्हणे!

जालनेकर काका: पुतण्याचं कॅथलिक मुलीशी ठरलंय. चर्चनं दोन्हीकडच्या नातेवाइकांना बोलावून दीड तास 'एकमेकांचा आदर' शिकवला. शेवटी पोरं चर्चचीच, असं पुतण्याकडून लिहून घेतलं. हा आदर?

छावणीचा मास्तर: काका, कागद वाचला का? ते वचन मुलीचं आहे. आपल्याकडून होईल तेवढं करून मुलांना बाप्तिस्मा आणि कॅथलिक वळण देईन, असं ती म्हणते. तुमच्या पुतण्याला ते लग्नाआधी कळलेलं असावं, एवढंच. त्यानं सही केली असेल तर ती कळल्याची. बिगर-कॅथलिकाकडूनही हमी घेण्याची पद्धत होती, ती पोप सहावे पॉल यांनी 1970 मध्ये काढली. आणि 'होईल तेवढं' म्हणजे तेवढंच. नवरा नाही म्हणाला तर लग्न मोडत नाही.

असे वर्ग मी घेतो. दोन्ही आज्यांना कोरा कागद देतो: बाळाच्या पहिल्या वर्षात तुम्ही काय काय करणार? मागच्या खेपेला एकीनं बारसं, जावळ लिहिलं, दुसरीनं बाप्तिस्मा. होणारी सून म्हणाली, "मला कागद नाही का?" भांडण तिथंच असतं, धर्मग्रंथात नाही.

वकिलाचा मेहुणा: एवढं कशाला? 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं रजिस्टर करा. कुणी वचन मागत नाही, पोरांचा धर्म आपोआप बापाचा.

छावणीचा मास्तर: वचन मागत नाहीत, खरं. 'आपोआप' कुठल्या कलमात? मुलांच्या धर्माची एक ओळ दाखवा. उलट 30 दिवस नोटीस लागते, आणि हिंदू मुलानं ख्रिस्ती मुलीशी त्या कायद्यानं लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात.

जालनेकर काका: थांबा. म्हणजे सात एकर?

वकिलाचा मेहुणा: हिस्सा जात नाही हो! वाटणी झाल्यासारखं धरतात.

जालनेकर काका: भाऊ जिवंत असताना वाटणी? तुमच्या मेहुण्यालाच विचारतो, तुम्ही राहू द्या.

वकिलाचा मेहुणा: विचारा! फुकट सांगितलं की किंमत नसते.

बीडची लेक: झालं, पोरं गेली बाजूला. मी त्यातलंच पोर. बाप्तिस्मा नाही, म्हणून आजोळी मिस्साला सगळे रांगेत जायचे आणि मी एकटी बाकावर. घरी महालक्ष्म्यांना आजी म्हणायची, "हिला आरती येत नाही, आईवर गेली." आई-बाबांनी 'मोठी झाल्यावर ठरवेल' म्हणून सोडून दिलं होतं. त्याला ते आदर म्हणायचे. मास्तर, तुमच्या कागदावर हा पर्याय येतो का?

छावणीचा मास्तर: येतो. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात. तुमच्यासारखं कुणी सांगायला आलेलं नव्हतं.

जालनेकर काका: बरं, सही कळल्याची होती, मान्य. पुतण्याला विचारलं. पण दीड तासात मला एक शब्द बोलू दिला नाही, आणि जावळ मी काढणारच.

बीडची लेक: सुनेला विचारून ना?

जालनेकर काका: पोर अजून व्हायचंय, बाई. मेहुणे, ते वाटणीचं नीट लिहा की.