केमो चालू असताना कॅन्सरवरची खरी पुस्तकं द्यावीत का?

समीर, नाशिक
वहिनीला स्तनाचा कॅन्सर आहे, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. केमो अर्धी झाली आहे. मग ऑपरेशन आणि रेडिएशन, आणि दर तीन आठवड्यांचं ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन धरून वर्ष भरेल. तिला वाचायचं आहे. नातेवाईक 'कॅन्सर पळवा' छापाची पुस्तकं आणून देतात, ती दोन पानांत मिटते. म्हणते, "मला खोटं नको, पण रडवणारंही नको." दादालाही काहीतरी हवं आहे, तो तर बोलतच नाही. काय द्यावं?

अविनाश
समीर, माझं स्पष्ट मत, आजारपणात माणसाला आजाराचीच पुस्तकं देऊ नयेत. आणि द्यायचीच असतील तर जिंकलेल्यांची द्यावीत. माझ्या बाबांना घशाचा कॅन्सर होता. रेडिएशनमुळे तोंड इतकं सोललं होतं की ताकसुद्धा झोंबायचं. तेव्हा अशाच एका बऱ्या झालेल्या गृहस्थांचं पुस्तक मी त्यांना रोज वाचून दाखवायचो. त्यात शास्त्र किती होतं मला माहीत नाही, पण बाबा दुसऱ्या दिवशी मशीनवर जायला तयार व्हायचे. त्या वेळी मला तेवढंच पाहिजे होतं. खरं सांगायला डॉक्टर बसलेले आहेतच.

शुभदा
अविनाश, तुमच्या बाबांना उपयोग झाला, यात वादच नाही. पण त्या पुस्तकांची दुसरी बाजू आमच्या घरात दिसली. यांनीही तशीच वाचली होती, खुणा करून. 'मी ठरवलं आणि मी जगलो.' दोन वर्षांनी स्कॅनमध्ये यकृतावर डाग आले, तेव्हा यांनी मला विचारलं, "माझं ठरवणं कमी पडलं का गं?" ज्या माणसाने एक केमो चुकवली नाही, उलट्या होत असताना गोळ्या मोजून घेतल्या, त्याने असं विचारावं! आजार परत आल्याचा दोष पेशंटवर येतो, हे त्या लेखकांच्या लक्षातच येत नाही. मी तेव्हापासून असं पुस्तक कुणालाही देत नाही.

निखिल
आहारावर एक चांगलं पुस्तक आहे माझ्याकडे. साखर पूर्ण बंद केली की गाठीला खायला मिळत नाही, असं त्यात समजावून दिलंय. पाठवू का?

वैशाली
निखिल, समीरने आहाराचं विचारलेलं नाही, आणि कृपा करून हे पाठवू नका. साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. शरीर बाकीच्या अन्नातूनही साखर तयार करतंच. केमोत वजन उतरलेल्या बाईने जेवण तोडलं तर पुढचा डोस पुढे ढकलावा लागू शकतो. मी डे-केअर वॉर्डात नर्स होते, असे डोस लांबलेले पाहिले आहेत.

आता समीर, तुमच्या वहिनीसाठी. सिद्धार्थ मुखर्जी यांचं 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' हे पुस्तक 2010 सालचं, सहाशेच्या आसपास पानांचं. ते सगळं तिच्या हातात देऊ नका. केमोत बोटांना मुंग्या येतात, तेवढं जड पुस्तक धरवत नाही, आणि एकाग्रताही टिकत नाही. पण त्यात हर्सेप्टिनची गोष्ट आहे, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅबचीच, तिला मिळतंय तेच औषध. शेवटच्या सूचीत तो शब्द शोधून तेवढीच पानं काढा. एखाद्या दुपारी मराठीत सांगत वाचा.

ती गोष्ट बार्बरा ब्रॅडफील्ड नावाच्या बाईची आहे. कॅन्सर पसरलेला, पहिले उपचार थकलेले. डेनिस स्लॅमन नावाच्या डॉक्टरांनी तिला या औषधाच्या पहिल्या चाचणीत यायला सांगितलं, तर तिने आधी नाही म्हटलं, कारण पुन्हा तेच सगळं सोसायची ताकद उरली नव्हती. नंतर आली. हे 1992 सालचं. काही आठवड्यांत तिच्या मानेजवळची गाठ हाताला लहान लागायला लागली. मुखर्जी तिला बऱ्याच वर्षांनी घरी जाऊन भेटतात. पण त्याच चाचणीतल्या सगळ्या बायकांच्या वाट्याला हे आलं नाही, आणि मुखर्जी तेही तिथेच लिहितात. मला त्यांचं हेच आवडतं. एक बाई वाचली हे खरं, सगळ्या वाचल्या नाहीत हेही खरं. वाचकाला दोन्ही झेपतं.

आणखी एक गोष्ट बघा. हे औषध 1998 मध्ये पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि लवकरच्या टप्प्यातल्या बायकांसाठी त्याचे मोठे निकाल 2005 मध्ये आले. त्याआधी हर-टू म्हणजे वाईट बातमी समजली जायची. म्हणून एखाद्या बाईची जुनी आठवण वाचायला देताना ती कोणत्या साली, कोणत्या प्रकारच्या गाठीसाठी आणि कोणत्या औषधावर होती ते आधी बघा. तिची भीती तुमच्या वहिनीच्या वाट्याची असेलच असं नाही.

मंदार
वैशालीताईंचं शेवटचं अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी म्हणतो आकडे कधीच वाचू देऊ नका. पाच वर्षांचे आकडे म्हणजे पाच वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी उपचार घेतलेल्यांचे. ते आजच्या पेशंटला लागूच होत नाहीत. पुस्तकात टक्केवारी दिसली की पान फाडावं.

वैशाली
मंदार, आकडे जुने असतात हे खरं. पण लपवून उपयोग नाही, पेशंटच्या हातात मोबाईल आहे. आकडा कसा वाचायचा हे शिकवणारं लिखाण द्यावं. स्टीफन जे गूल्ड हे जीवाश्मांचे अभ्यासक. 1982 मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर त्यांनी ग्रंथालयात जाऊन शोधलं, तर मजकूर असा की आजार बरा होत नाही आणि आयुष्याचा मध्यक आठ महिने. ते पंधरा मिनिटं सुन्न बसले. मग त्यांनी विचार केला, मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले, इतकंच. उरलेले निम्मे त्यानंतर किती जगले ते त्या आकड्यात नाही. कुणीही शून्याच्या अलीकडे जाऊ शकत नाही, पण पुढे मात्र वर्षानुवर्षं जागा मोकळी आहे. म्हणजे आलेख उजवीकडे लांब शेपटीसारखा पसरतो. मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं. वय चाळीस, आजार लवकर सापडलेला, उपचार चांगले, आणि नवीन उपचारांची चाचणी हाताशी. आपण शेपटीत असण्याची शक्यता चांगली आहे, असं त्यांना दिसलं. 1985 मध्ये त्यांनी हे एका छोट्या लेखात लिहिलं, पुढे वीस वर्षं जगले आणि 2002 मध्ये वेगळ्याच कॅन्सरने गेले. लेख दोन-तीन पानांचा आहे, तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुढच्या डोसच्या आधीच्या बऱ्या दिवसांत सहज वाचून होतो.

अविनाश
ताई, मी आत्ताच तो लेख काढून वाचला. त्यात गूल्ड स्वतःच लिहितात की मनोवृत्तीचा फरक पडतो! तुम्ही तेवढं वगळलंत.

वैशाली
वगळलं, मान्य. ते लिहितात आणि त्यांचा तसा समज होता. पण त्यांची सुटका करणारी गोष्ट त्या लेखात आलेखाची आहे, निर्धाराची नाही. मनोधैर्याने उपचार पुरे व्हायला मदत होते हे मीही म्हणेन. मनोधैर्य खचलं म्हणून आजार वाढला, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. शुभदाताईंच्या घरात जे झालं ते टाळायचं असेल तर हा फरक ठेवायलाच हवा.

समीर
छान सांगितलंत. दादासाठी काय? तो केमोच्या खुर्चीशेजारी बसून फक्त सलाईनचे थेंब बघतो.

शुभदा
पॉल कलानिधी यांचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर'. ते मेंदूचे सर्जन, छत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. पुस्तक अपुरं राहिलं आणि 2015 मध्ये ते गेले. शेवटचा भाग त्यांच्या बायकोने, लुसीने लिहिला आहे. मला तो भाग नवऱ्याच्या भागापेक्षा जास्त उपयोगी पडला. त्यात सेवा करणारी बाई देवी नाही. ती थकलेली आहे, तिला मूल आहे आणि तिचं प्रेम अजून चालू आहे. ते वाचून मी पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलले.

अविनाश
यात आशा कुठे आहे? माणूस गेला ना! वहिनी बरी होणारी आहे आणि तुम्ही तिच्या घरात मृत्यूची कथा नेणार?

वैशाली
इथे मी थोडी अविनाशच्या बाजूने आहे. वहिनीचा उपचार बरं करण्यासाठी चालला आहे, कलानिधींचा आजार बरा होणारा नव्हता. हे पुस्तक घरात टेबलावर पडलं तर ती त्यात स्वतःला बघेल. दादाला द्या, पण त्याच्या फोनमध्ये. त्याच्याबरोबर केट बोलर यांचं 2018 सालचं पुस्तक द्या. त्यांना पस्तिसाव्या वर्षी आतड्याचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर निघाला. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' ह्या वाक्याची चीड त्यांनी मन लावून लिहिली आहे. शेवटी एक परिशिष्ट आहे, आजारी माणसाला काय म्हणू नये आणि काय म्हणून बघावं त्याचं. पुस्तक राहू द्या, तेवढी पानं दादाने वाचली तरी पुरे. मग सोसायटीतल्या काकू येऊन "अगं, आमच्या ओळखीच्या एकीला असंच झालं होतं" म्हणाल्या की त्याला विषय कसा वळवायचा ते कळेल.

शुभदा
फोनमध्ये लपवून वाचायला लावणं मला पटत नाही, वैशालीताई. आम्ही दोघंही तेच पुस्तक एकाच वेळी वाचत होतो. आधी वाटलं होतं रडू येईल, आलंही. पण नंतर यांनी पहिल्यांदा सांगितलं की शेवटी हॉस्पिटलमध्ये राहायचं नाही. आजार परत आलेला होता म्हणून ते बोलणं गरजेचं होतं, हे मान्य. तुमच्या वहिनीला ते आत्ता लागणार नाही कदाचित. पण तिला काय वाचायचंय ते तिला विचारल्याशिवाय कुणीच ठरवू नये.

मंदार
पान फाडायचं मी मागे घेतो. पण गूल्ड यांचा लेख गणित न आवडणाऱ्या माणसाला चालेल का, मला शंका आहे.

समीर
वहिनीला काल विचारलं. ती म्हणाली, हर्सेप्टिनची गोष्ट हवी, आणि शेवटी कोण वाचलं नाही तेही सांग, वगळू नकोस. गूल्ड यांचा लेख मी तिला मराठीत करून ऐकवीन, आलेख वहीत काढून. दादाला बोलर यांचं परिशिष्ट पाठवलंय, त्याने अजून उघडलेलं नाही. कलानिधींचं मी स्वतः आधी वाचतो. वैशालीताई, पुढचा टू-डी एको मंगळवारी आहे, तो झाला की मगच हे सुरू करू ना?

वैशाली
एकोची वाट बघायची गरज नाही. इंजेक्शनने हृदयावर ताण येतो का ते बघायला तो काही महिन्यांनी होतच राहणार, वर्षभर. बरा दिवस आला की सुरू करा. एका वेळी दहा मिनिटं, आणि थांबायला सांगितलं की थांबा.

अविनाश
मी माझं मत बदललेलं नाही. पण ती ब्रॅडफील्ड बाईंची पानं मला पाठवा, बाबांना वाचून दाखवीन.