उत्तर: आम्लारी औषध आणि जठरातलं आम्ल

> "आम्लारी औषध जठरात आयनीभूत होतं म्हणून तिथे शोषलं जात नाही. मग पित्ताच्या गोळीने आम्ल कमी केलं तर फायदाच व्हायला हवा ना?"

कागदावर बरोबर, पण यात विरघळण्याची पायरी राहून गेली. बुरशीवरचं केटोकोनॅझोल घ्या. त्याचा मुख्य पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, साधारण 6.5. जठरात पीएच 1.5 असेल तर फरक 5 चा, आणि दर एककाला दहापट, म्हणजे लाखात जेमतेम एक रेणू बिनभाराचा. पण भारित रेणूच पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे गोळी जठरातच विरघळून द्रावण बनते. ते पुढे लहान आतड्यात 6.5 च्या आसपासच्या पीएचला पोचलं की निम्मे रेणू भार सोडतात आणि आतड्याच्या अफाट पृष्ठभागातून आत शिरतात.

आता ओमेप्राझोल या पित्ताच्या गोळीने जठराचा पीएच 5 च्या वर नेला तर गोळी फुटते, पण चूर्ण तसंच राहतं. आतड्यात बिनभाराचे रेणू हवे तेवढे, पण घन कणांत अडकलेले. बरंचसं औषध न शोषलं जाताच पुढे सरकतं. म्हणूनच जठरात आम्ल कमी असलेल्यांना ही गोळी साध्या (डाएट नव्हे) कोलासारख्या आम्ल पेयाबरोबर द्यायला सांगतात. बुरशीवरच्याच इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचंही तेच. त्याचं तोंडावाटे घ्यायचं द्रावण मात्र बाटलीतच विरघळलेलं असतं, त्यामुळे त्याला आम्लाची फारशी गरज लागत नाही. गडबड शोषणात नसून विरघळण्यात आहे, हे या फरकावरूनच कळतं.