कागदावर नाव जुळलं नाही म्हणून अडलेले : तुमचे अनुभव लिहा

नीता_पूर्वभाग
संक्रांतीच्या आधी ट्रंक आवरत होते, त्यात आत्याचं विडी कामगाराचं जुनं ओळखपत्र सापडलं. त्यावर शाईनं स्वच्छ लिहिलंय, 'सविता'. ते बघून सगळं परत आठवलं, म्हणून हा धागा काढला.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आमच्यात त साठी th लिहायची पद्धत आहे, कारण नुसता t आम्ही ट वाचतो. म्हणून आधार काढताना भावानं Savitha असं लिहून दिलं. तिथल्या मुलानं ते इंग्रजीत टाइप केलं आणि खाली मराठीत आपोआप 'सविथा' उमटलं. आत्याला तेलुगू वाचता येतं, मराठी नाही. तिला पडद्यावर दाखवलं असतं तरी कळलं नसतं. बँकेत Savita, कारखान्याच्या वहीत सविता, पीएफमध्ये Savita.

काम सुटल्यावर पीएफचा अर्ज केला, तो तीनदा परत आला. दर वेळी एकच शेरा, नाव जुळत नाही. आत्या सूप मांडीवर घेऊन बसायची, हात रिकामे, आणि विचारायची, "मग मी कोण गं?" सात महिने गेले. शेवटी आधारवर Savita करून घेतलं, मराठीही सुधारलं, मग पैसे आले.

तुमच्याकडे असं झालंय का? आणि कुणाला माहीत असेल तर सांगा, एका अक्षरासाठी यंत्र माणूस का नाकारतं?

मल्लू_होटगीरोड
ताई, आमच्या घरात सिद्धेश्वर तिघं. आजोबा, चुलतभाऊ आणि माझा मेव्हणा. स्पेलिंग चार! मेव्हण्याचं दहावीच्या मार्कशीटवर एक आणि लायसनवर दुसरं हाय. गावच सिद्धेश्वराचं म्हटल्यावर गल्लीगल्लीत हेच असणार की.

श्रीकांत६२
ॲफिडेव्हिट करा आणि राजपत्रात नाव छापून आणा. विषय संपला. आधार काय, कितीही वेळा बदलता येतं.

नीता_पूर्वभाग
काका, राजपत्र नाव बदलणाऱ्यांसाठी. आत्यानं नाव कधी बदललंच नाही हो. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आम्ही त्यातलं एक वापरून बसलोय.

श्रीकांत६२
दोनदाच? हे माहीत नव्हतं. पण 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं ॲफिडेव्हिट बँकेत चालतं, मी स्वतः दिलंय.

रेश्मा_विजापूरवेस
माझ्या आधारवरचा फोटो खूप जुना आहे, तो बदलायला काय लागतं? इथेच विचारते, कुणी जाऊन आलं असेल तर.

मल्लू_होटगीरोड
@रेश्मा केंद्रावर जावं लागतं, फोटो घरबसल्या होत नाही. सकाळी लवकर जा.

जुळेसोलापूर_अमोल
नीताताई, पुण्यात कर्ज देणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं मी हेच काम करतो. कागदावरचं नाव आणि ग्राहकानं भरलेलं नाव एकाच माणसाचं आहे का, हे ठरवणारा प्रोग्रॅम. त्यामुळे थोडं लांबेल.

आधारशी नाव ताडताना दोन पर्याय असतात, तंतोतंत किंवा अंशतः. अंशतः म्हटलं की लोकांना वाटतं एखादं अक्षर चुकलं तर चालेल. तसं नाही. तिथं पूर्ण शब्द मोजतात. तीन शब्दांतले दोन जुळले, क्रम उलटा असला, वडिलांचं नाव राहून गेलं, एवढं चालतं. पण Savita आणि Savitha हे त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. त्यामुळे असा ताळा वापरला तर आत्यांचं पहिलं नाव थेट शून्य होतं. 

प्रवीण_डेटाबेस
अहो पण उच्चारावरून जुळवायला SOUNDEX आहे ना. बऱ्याच डेटाबेसमध्ये आयतं मिळतं. Laxmi आणि Lakshmi दोन्हीला L250 येतं, मी करून बघितलंय. एका ओळीचं काम.

जुळेसोलापूर_अमोल
प्रवीण, लक्ष्मीचं बरोबर आहे. आता मल्लूंच्या घरचं नाव घाल त्यात.

```
Siddheshwar   S326
Sidheshwar    S326
Siddheshvar   S321
Sudhakar      S326
```

ते इंग्रजी आडनावांसाठी बनलेलं आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवतं, पुढच्या व्यंजनांना आकडे देतं आणि तीन आकडे झाले की थांबतं. w ला ते मोजतच नाही, v ला मात्र आकडा आहे. आपल्याला दोन्ही व. म्हणून v लिहिणारा सिद्धेश्वर बाहेर पडला आणि सुधाकर आत आला.

नुसती अक्षरं मोजली तरी फसतं. Siddheshwar आणि Sidheswar मध्ये दोन अक्षरांचा फरक, माणूस एक. Siddheshwar आणि Siddheshwari मध्ये एकाच अक्षराचा फरक, आणि ती बाई. म्हणजे यंत्राला परकी बाई जास्त जवळची वाटते.

प्रवीण_डेटाबेस
सुधाकर बघून हादरलो. घरी जाऊन आमच्या सोसायटीच्या यादीवर चालवतो.

मल्लू_होटगीरोड
सुधाकर आमच्या शेजारचा हाय. त्याला सांगतो, आजपासून तू आमच्या घरचा 😀

कुलकर्णीबाई_निवृत्त
मी शाळेत जनरल रजिस्टर लिहीत होते, एकतीस वर्षं. ते सगळं देवनागरीत. मुलं दहावीला आली की बोर्डाच्या फॉर्मसाठी इंग्रजी स्पेलिंग आम्हीच करायचो, दुपारच्या सुट्टीत, शंभर-सव्वाशे नावं. काळे Kale झाले, माने Mane झाले. पालकांना विचारायला वेळ नसे. आता वाटतं, विचारायला हवं होतं. त्या मुलांचे पासपोर्ट त्याच स्पेलिंगवर निघाले असतील.

नीता_पूर्वभाग
बाई, तुम्ही कुठल्या शाळेत होता? माझी मोठी बहीण पूर्व भागातच शिकली.

कुलकर्णीबाई_निवृत्त
फोन करते तुला संध्याकाळी, नंबर निरोपात पाठव. गड्ड्याच्या यात्रेला येणार आहेस ना?

फारूक_टिळकचौक
आमच्यात वेगळीच गत. वालिदांच्या एका कागदावर Mohammed, दुसऱ्यावर Mohd, तिसऱ्यावर Md. मराठी दाखल्यावर महंमद, आधारवर मोहम्मद. Md चं तर एका ठिकाणी 'एमडी' करून ठेवलं होतं. डॉक्टर समजले की काय!

जुळेसोलापूर_अमोल
फारूकभाई, हे उच्चारानं सुटतच नाही. Mohd ही लिहिण्यातली काटछाट आहे, तिची वेगळी यादीच ठेवावी लागते. आमच्याकडे आहे.

बाईंच्या काळेंवरून आठवलं. इंग्रजी Kale वरून मराठी करायला गेलं तर काळे, काले, कले, काहीही होऊ शकतं. म्हणून मी रोमनवरून देवनागरी बनवत नाही. उलटं करतो. देवनागरीचं रोमन करतो, ते ठरलेलं येतं, आणि मग दोन्ही रोमन एका साध्या रूपावर आणतो. लागोपाठ दोनदा आलेलं अक्षर एकेरी, w चा v, sh चा s, th चा t, dh चा d, aa चा a. x चं ksh मात्र सगळ्यांत आधी करायचं, नाहीतर लक्ष्मीचा ksh पुढे ks होतो आणि Laxmi एकटीच राहते.

यात एकदा मोठी चूक झाली माझी. सुरुवातीला मी शब्दातले मधले सगळे स्वर गाळत होतो, कारण लोक a कुठेही घालतात, कुठेही खातात. Kamble, Kambale. मग एका घरातल्या दोन जावा एकच माणूस म्हणून पुढे आल्या, सविता आणि श्वेता. Savita चं Svta, आणि Shweta चंही Svta. आडनाव एक, पत्ता एक. जन्मतारीख वेगळी होती म्हणून एका सहकारी बाईंच्या लक्षात आलं. नाहीतर एकीच्या नावावर दुसरीचं कर्ज चढलं असतं. तेव्हापासून फक्त मधला a गाळतो. i, e, u, o ठेवतो. Savita आणि Savitha दोन्ही Svita होतात, श्वेता Sveta राहते.

आणि एवढ्यावरही 'जुळलं' म्हणून सोडत नाही. जन्मसाल, लिंग आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, यातलं एक तरी सोबत जुळावं लागतं. अधलंमधलं निघालं तर कागद माणसाच्या हातात जातो. त्याला दोन्ही लिपींतलं नाव शेजारी शेजारी दिसतं.

नीता_पूर्वभाग
म्हणजे तुमच्याकडे आत्याचा अर्ज अडला नसता?

जुळेसोलापूर_अमोल
नावावरून नसता अडला. पण th चा t करताना मी थ गमावतो, हे खरं आहे. मथुरा आणि मातुरा माझ्या यंत्राला एकच. आपल्याकडे तेलुगू-कानडी घरं इतकी आहेत की मला हा तोटा परवडतो. दुसऱ्या गावात कदाचित नाही परवडणार.

बसवराज_अक्कलकोट
शेवटच्या a चं काय करता ते सांगा. आमच्या कानडी घरात मल्लिकार्जुन Mallikarjuna लिहितात. बँकेत Mallikarjun. माझं पण तसंच, Basavaraja आणि Basavaraj.

जुळेसोलापूर_अमोल
बसवराजअण्णा, तिथंच अडलोय. शेवटचा a गाळला की तुमचं जुळतं, पण विजय आणि विजया एक होतात. ठेवला की विजया वाचते, तुम्ही अडकता. सध्या दोन्ही कागदांवर 'पुरुष' असेल तरच गाळतो. पण लिंग न लिहिलेले कागद भरपूर येतात, त्यांचं उत्तर माझ्याकडे नाही.

बसवराज_अक्कलकोट
पॅनकार्डावर लिंग नसतंयच. मग?

जुळेसोलापूर_अमोल
त्यावर वडिलांचं नाव असतं, ते बघतो. पण तिथंही शेवटी a असतोच, शिवशरणा आणि शिवशरण.

श्रीकांत६२
म्हणजे नवीन मूल जन्मलं की दाखल्यावर स्पेलिंग नीट बघून घ्यावं, एवढं तरी करता येईल.

मल्लू_होटगीरोड
काका, भाची झालीय परवाच. जन्मदाखल्याचा फॉर्म समोर हाय. नाव ज्योती ठेवलंय. आत्ती म्हणते Jyothi लिही, मी म्हणतोय Jyoti. काय लिहू?

जुळेसोलापूर_अमोल
कुठलंही लिही, पण आईबाबांनी ठरवू दे. आणि मराठीच्या रकान्यात 'ज्योती' हातानं टाइप करायला सांग. आपोआप उमटलेलं तसंच राहू देऊ नकोस. पावती घेण्याआधी पडद्यावर वाच, 'ज्योथी' झालंय का बघ.

नीता_पूर्वभाग
आणि आईला वाचून दाखव रे मल्लू, मोठ्यानं. तिला कुठली लिपी येते ते आधी विचार.

मल्लू_होटगीरोड
व्हय ताई. उद्या अकराला जातोय, बहिणीलाच घेऊन जातो.